कोलॅब पोस्टवर नाव दोघांचं, पण पोस्ट नक्की कुणाची आणि पैसे कुणाच्या खात्यात?

इंस्टाग्रामवर कोलॅब पोस्ट टाकली की वर दोघांची नावं दिसतात, दोघांच्या प्रोफाइलवर तीच रील दिसते, लाइक आणि कमेंटही तेच, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की पोस्ट आता अर्धी अर्धी दोघांची झाली. तसं नाहीये. नाव दोघांचं असतं, व्ह्यूजचा आकडा दोघांना तोच दिसतो, पण पोस्टचा मालक एकच असतो, ज्याने अपलोड केली तो. आणि पैशाचं तर इंस्टाग्राम किंवा यूट्यूब कुणीच तुमच्यात वाटून देत नाही, ते एकाच्याच खात्यात येतात आणि पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. एवढं नीट डोक्यात बसलं तर कोलॅबमधली अर्धी भांडणं होतच नाहीत, म्हणून हे सगळं सुरुवातीपासून एक उदाहरण घेऊन लिहितोय.

समजा कोल्हापूरची एक ताई आहे, घरगुती रेसिप्या टाकते, इंस्टाग्रामवर 18 हजार फॉलोअर्स, यूट्यूब चॅनल आहे पण अजून मॉनेटाइज झालेलं नाही, म्हणजे त्यावर जाहिरातीचे पैसे सुरू झालेले नाहीत. आणि पुण्याचा एक दादा आहे, गडकिल्ले आणि फिरण्याचे व्हिडिओ करतो, इंस्टाग्रामवर 62 हजार आणि यूट्यूब मॉनेटाइज्ड. दोघांनी ठरवलं की पन्हाळ्याच्या बाजूला एका शेतात चुलीवर तांबडा-पांढरा रस्सा करायचा, त्याची एक रील आणि एक मोठा व्हिडिओ. आणि एका मसाल्याच्या ब्रँडने या कामासाठी 60 हजार रुपये द्यायचं कबूल केलंय. खाली सगळीकडे हेच दोघं आणि हाच रस्सा धरून चालू.

स्टेप 1: शूटच्या आधी ठरवा, अपलोड कुणाच्या अकाउंटवरून

हे लोक सगळ्यात शेवटी ठरवतात, एडिट झाल्यावर, "तू टाकतोस का मी टाकू" असं. पण खरं तर सगळं इथेच ठरतं. इंस्टाग्रामवर ज्याच्या अकाउंटवरून रील गेली त्यालाच कॅप्शन बदलता येतं, कोण कोलॅबरेटर राहणार ते त्याच्या हातात असतं आणि डिलीट पण तोच करू शकतो. त्याने डिलीट केली की दुसऱ्याच्या प्रोफाइलवरून पण गेली, व्ह्यूज, कमेंट सगळं घेऊन. त्याचं अकाउंट हॅक झालं, बंद पडलं, तरी तेच. दुसरा माणूस फक्त स्वतःचं नाव काढून घेऊ शकतो, बाकी काही नाही.

बऱ्याच जणांचं असं म्हणणं असतं की ज्याचे फॉलोअर्स जास्त त्यानेच टाकावी. कोलॅबमध्ये याला फारसा अर्थ नाही, कारण दुसऱ्याने रिक्वेस्ट स्वीकारली की तीच रील दोघांच्या फॉलोअर्सपर्यंत जाऊ शकते, मग मोठ्या अकाउंटवरून टाकली काय आणि छोट्या काय. माझ्या मते तीन गोष्टी बघाव्यात. ब्रँडशी बोलणं कुणाचं चाललंय, कारण कॅप्शनमध्ये ब्रँडने ऐनवेळी बदल सांगितला तर तो करायला मालकच लागतो. कमेंटला उत्तरं कोण देणार, आपल्या उदाहरणात मसाला किती घालायचा हे लोक ताईलाच विचारणार. आणि कुणाचं अकाउंट नीट सांभाळलेलं आहे, टू-फॅक्टर चालू आहे का वगैरे. हे सगळं बघितलं तर रील ताईच्या अकाउंटवरून जाणं बरं.

यूट्यूबवर मात्र गणित पूर्ण वेगळं आहे आणि त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, कारण तिथे वॉच टाइम आणि जाहिरातीचे पैसे दोन्ही अपलोड करणाऱ्या चॅनललाच जातात.

आणखी एक, कच्चं फुटेज दोघांकडे पाहिजे. शूट संपल्यावर त्याच दिवशी एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये सगळं टाकून दोघांना ॲक्सेस द्या. उद्या मूळ पोस्ट गेली तर दुसऱ्याकडे निदान परत एडिट करायला माल असतो.

स्टेप 2: इंस्टाग्रामवर कोलॅब प्रत्यक्षात कशी लावायची

कोलॅब म्हणजे टॅग नव्हे, मेन्शन पण नव्हे. टॅग केलं तर रीलवर छोटं नाव येतं आणि समोरच्याच्या टॅगवाल्या कप्प्यात ती दिसते, त्याच्या मेन ग्रिडवर नाही. कॅप्शनमध्ये मेन्शन केलं तर नुसती लिंक. कोलॅब लावली तरच वर दोघांची नावं शेजारी शेजारी येतात आणि दोघांच्या ग्रिडवर तीच पोस्ट बसते. हे फीचर 2021 मध्ये आलं, सुरुवातीला एकच कोलॅबरेटर घेता यायचा, आता जास्त घेता येतात.

रील एडिट झाली, कॅप्शन लिहायच्या स्क्रीनवर आलात की Tag people मध्ये जा, तिथे Invite collaborators दिसेल, त्यात समोरच्याचं युजरनेम शोधून निवडा, Done करा आणि पोस्ट टाका. पोस्ट लगेच लाइव्ह होते, पण आत्ता ती फक्त तुमच्या नावाने असते. समोरच्याला रिक्वेस्ट जाते, तो Review करून Accept करतो तेव्हाच त्याचं नाव वर येतं. ही मधली वेळ लोक विसरतात. ताईने संध्याकाळी सातला रील टाकली, दादा गडावर, रेंज नाही, त्याने रात्री अकराला ॲक्सेप्ट केली, तर मधले चार तास ती रील ताईच्या एकटीच्या नावाने फिरली. म्हणून टाकायच्या दहा मिनिटं आधी फोन करा, "टाकतेय गं, ॲक्सेप्ट कर" किंवा "टाकतोय रे" एवढं बोला आणि समोरच्याने फोन हातात घेऊन बसा.

कधी कधी समोरच्याचं नावच निवडता येत नाही. तेव्हा आधी त्याला सांगा की सेटिंगमध्ये टॅग आणि मेन्शन कुणाला करू देतोस ते बघ, तिथे कुणालाच परवानगी नाही असं ठेवलेलं असेल तर कोलॅबसाठी पण अडतं. दुसरं, अकाउंट प्रायव्हेट आहे का ते बघा. मालकाचं अकाउंट प्रायव्हेट असेल तर रील त्याच्या फॉलोअर्सच्या बाहेर जाणारच नाही, मग कोलॅब करून काय उपयोग.

गाण्याचं पण आत्ताच बघून घ्या. ब्रँडचं पैसे घेऊन केलेलं काम असेल तर ट्रेंडिंग फिल्मी गाणं लावू नका, ॲपमध्ये ते मिळतंय म्हणून जाहिरातीसाठी वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही. आवाज म्यूट झाला तर दोघांच्या प्रोफाइलवर मुकी रील राहते. चुलीचा आवाज, पाट्यावर वाटण वाटल्याचा आवाज, ताईचं बोलणं, रश्श्याच्या रीलला एवढं भरपूर होतं.

आणि पैसे घेतलेत तर ते दिसलं पाहिजे. पेड पार्टनरशिपचं लेबल लावा आणि कॅप्शनच्या सुरुवातीलाच जाहिरात असल्याचं लिहा. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेचे इन्फ्लुएन्सर्ससाठीचे नियम 2021 पासून आहेत आणि केंद्राच्या ग्राहक विभागाने 2023 च्या जानेवारीत वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. "मी फक्त कोलॅबरेटर होतो, पोस्ट तिची होती" असं म्हणून दादाची सुटका होत नाही, चेहरा त्याचा आहे आणि पैसे त्यालाही मिळालेत.

सगळं झालं की तिसऱ्याच एखाद्या अकाउंटवरून, घरातल्या कुणाच्या फोनवरून, रील उघडून बघा. वर दोन्ही नावं आहेत का, लेबल दिसतंय का, दोघांच्या ग्रिडवर आहे का. स्वतःच्या फोनवर सगळं बरोबरच वाटतं.

स्टेप 3: व्ह्यूज वाचायचे कसे

इथे एक चूक फार होते आणि ती महागात पडते. समजा आठवड्याने ताईच्या प्रोफाइलवर रीलचे व्ह्यूज 1 लाख 40 हजार दिसतायत आणि दादाच्या प्रोफाइलवर पण 1 लाख 40 हजार. मग ब्रँडला रिपोर्ट पाठवताना कुणीतरी लिहितं, एकूण 2 लाख 80 हजार. हे चूक आहे. पोस्ट एकच आहे, आकडा एकच आहे, तो फक्त दोन जागी दिसतोय. ब्रँडकडचा माणूस जरा जाणकार असेल तर त्याला लगेच कळतं आणि पुढचं काम जातं. रिपोर्टमध्ये रीलची एकच लिंक, एकच आकडा आणि कुठल्या तारखेला किती वाजता बघितला ते लिहा, इनसाइट्सचा स्क्रीनशॉट मालकाच्या फोनवरून काढा.

उलट बाजूने पण बघा. दादाच्या मीडिया किटमध्ये, म्हणजे ब्रँडला पाठवायच्या त्या पीडीएफमध्ये, त्याला ही रील दाखवायचा पूर्ण हक्क आहे, पण शेजारी "कोलॅब" असं लिहिलेलं पाहिजे. सरासरी व्ह्यूज काढताना तर कोलॅबच्या रील बाजूला ठेवूनच सरासरी काढावी असं मला वाटतं, कारण एकट्याने टाकल्यावर तेवढे येणार नाहीत आणि ब्रँड त्या आकड्यावर पैसे ठरवतो.

आता यातले कुणाच्या फॉलोअर्समुळे किती आले? यावरून वाद घालण्यात काही अर्थ नाही. रील चालली तर बरेचसे व्ह्यूज दोघांपैकी कुणालाच फॉलो न करणाऱ्यांचे असतात, त्यांची वाटणी कशी करणार? त्यापेक्षा सोपं काम करा. पोस्ट टाकायच्या आधी दोघांनी आपापला फॉलोअर्सचा आकडा लिहून ठेवा आणि सात दिवसांनी परत बघा. ताईचे 18,000 चे 20,300 झाले आणि दादाचे 62,000 चे 62,450, तर ताईला या कोलॅबमधून फॉलोअर्स जास्त मिळाले हे सरळ दिसतं. त्या आठवड्यात दुसरी एखादी रील जोरात चालली असेल तर तेही ध्यानात घ्या. हा फायदा पैशात मोजता येत नसला तरी पुढची कोलॅब ठरवताना बोलण्यात यायला हवा, की पहिल्या वेळी तुला फॉलोअर्स मिळाले, आता पुढची रील माझ्या विषयावर करू.

स्टेप 4: ब्रँडचे पैसे कसे वाटायचे

इंस्टाग्रामवर रीलच्या व्ह्यूजमागे यूट्यूबसारखा जाहिरातीतला वाटा आपोआप जमा होत नाही, तिथली कमाई मुख्यतः ब्रँडकडून येते. म्हणून रीलच्या बाबतीत व्ह्यूज वाटायचा प्रश्नच येत नाही, ब्रँडची रक्कम वाटायची असते.

सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे ब्रँडला सांगायचं की आम्ही दोघं वेगवेगळी बिलं देणार. ताईचं बिल वेगळं, दादाचं वेगळं, पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात, टीडीएस ज्याच्या त्याच्या पॅनवर. विषय संपला. ब्रँडने एवढं मान्य केलं तर दुसरं काही करूच नका.

पण बरेचदा ब्रँडचं अकाउंट्स डिपार्टमेंट म्हणतं की आम्हाला एकच व्हेंडर पाहिजे. मग एकाने बिल द्यायचं आणि आलेल्या पैशातून दुसऱ्याला त्याचा वाटा द्यायचा, आणि इथेच गडबड होते. आपल्या उदाहरणात दादाने 60,000 चं बिल दिलं. ब्रँडने 10 टक्के टीडीएस कापला, म्हणजे 6,000, आणि दादाच्या खात्यात 54,000 आले. खर्च झाला होता 6,000 चा, गाडीचं पेट्रोल, मटण, शेतवाल्या काकांना दिलेले आणि कॅमेरावाल्या मुलाचे. हा सगळा दादाने खिशातून केला होता. आता ताईला किती द्यायचे?

घाईत लोक असं करतात, 54,000 आले, त्यातून खर्च 6,000 वजा, उरले 48,000, अर्धे अर्धे 24,000. दिसायला बरोबर वाटतं पण ताईचं नुकसान झालं. कारण तो कापलेला 6,000 टीडीएस कुठे गेलेला नाही, तो दादाच्या पॅनवर जमा आहे, रिटर्न भरताना तो त्याच्याच करात वजा होणार किंवा रिफंड म्हणून त्यालाच मिळणार. बरोबर हिशोब बिलाच्या पूर्ण रकमेवरून करायचा. 60,000 मधून खर्च 6,000 गेले, उरले 54,000, प्रत्येकाचे 27,000. दादाने ताईला 27,000 द्यायचे. त्याच्याकडे आलेले 54,000, त्यातून खर्चाचे 6,000 आणि ताईचे 27,000 गेले की हातात 21,000 राहतात, आणि 6,000 टीडीएसचं क्रेडिट, म्हणजे त्याचेही 27,000 च झाले. बघा, एका ओळीने तीन हजारांचा फरक पडतो.

आणि ताईने दादाला 27,000 चं साधं बिल द्यायचं, नाव, पत्ता, पॅन, कामाचं वर्णन, तारीख. नाहीतर कागदावर सगळे 60,000 दादाचंच उत्पन्न दिसतं आणि ताईला दिलेले पैसे खर्च म्हणून दाखवायला त्याच्याकडे काहीच नसतं. दोघांपैकी कुणी जीएसटीत नोंदवलेलं असेल तर बिल बनवायच्या आधी सीएला विचारून घ्या, नंतर बदलायला त्रास होतो.

अर्धं अर्धंच का, फॉलोअर्सच्या प्रमाणात का नाही, हा प्रश्न येतोच. 18 आणि 62 च्या प्रमाणात वाटलं तर ताईला पाव हिस्सा पण येत नाही, आणि रस्सा केला कुणी? रेसिपी तिची, तीन तास चुलीसमोर ती, कमेंटची उत्तरं ती देणार. माझं मत असं की पहिल्या कोलॅबला खर्च आधी काढून घ्या, बाकी समान वाटा. कुणी एकाने एडिटिंग पूर्ण केलं असेल तर एडिटरला बाहेर जेवढे दिले असते तेवढे पैसे त्याला खर्चात धरून द्या, मग उरलेलं समान. टक्क्यांची घासाघीस करण्यापेक्षा हे समजायला सोपं जातं आणि दोघांना न्याय्य वाटतं.

ब्रँडने नंतर म्हटलं की हीच रील आम्हाला महिनाभर जाहिरात म्हणून चालवायची आहे, तर ते वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे. आणि रील ताईच्या अकाउंटवर असली तरी चेहरा दादाचाही आहे, त्यामुळे हो म्हणायच्या आधी त्याला विचारायचं. किती दिवस चालवणार ते तारखेसकट लिहून घ्या.

स्टेप 5: यूट्यूबवर वाटा कसा काढायचा

यूट्यूबवर व्हिडिओ ज्या चॅनलवर आहे त्याच चॅनलला व्ह्यूज, वॉच टाइम आणि जाहिरातीचा पैसा मिळतो. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या पैशातले 55 टक्के क्रिएटरला आणि शॉर्ट्सच्या बाबतीत 45 टक्के, पण ते "क्रिएटर" म्हणजे एकच चॅनल. यूट्यूबने पण आता कोलॅबरेटर जोडायची सोय आणली आहे, त्यात दुसऱ्या चॅनलचं नाव व्हिडिओखाली दिसतं आणि प्रेक्षकाला तिथूनच सबस्क्राइब करता येतं, पण पैसे तरीही अपलोड करणाऱ्यालाच.

म्हणून आधी हे बोला की दोघांपैकी कुणाला काय हवंय. ताईचं चॅनल मॉनेटाइज नाही, तिला हवेत 1,000 सबस्क्रायबर्स आणि 12 महिन्यांत 4,000 तास वॉच टाइम. दादाच्या चॅनलवर टाकला तर पैसे येतील पण ताईला एकही तास मिळणार नाही. ताईच्या चॅनलवर टाकला तर तास मिळतील, जाहिरातीचा पैसा दोघांनाही शून्य.

यावर मला सगळ्यात आवडणारा मार्ग म्हणजे एकाच शूटमधून दोन वेगळे व्हिडिओ. ताईच्या चॅनलवर रश्श्याची पूर्ण रेसिपी, प्रमाणासकट, दादाच्या चॅनलवर पन्हाळ्याचा प्रवास आणि शेवटी शेतातलं जेवण. दोन्हीकडे एकमेकांची लिंक, डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळींत, पिन केलेल्या कमेंटमध्ये आणि एंड स्क्रीनवर. ज्याच्या चॅनलचं त्याला, हिशोब ठेवायची गरजच नाही. नवीन असाल तर असंच करा. फक्त तोच व्हिडिओ जसाच्या तसा दोन्ही चॅनलवर टाकू नका, व्ह्यूज विभागले जातात आणि ताईचं चॅनल मॉनेटायझेशनसाठी तपासायला गेलं की पुन्हा वापरलेला कंटेंट म्हणून अडकू शकतं.

पण समजा एकच व्हिडिओ केला, दादाच्या चॅनलवर, आणि जाहिरातीच्या पैशात निम्मा वाटा ठरला. आता हिशोब असा. यूट्यूब स्टुडिओत ॲनालिटिक्समध्ये जाऊन तो व्हिडिओ उघडला की त्या महिन्याचं अंदाजे उत्पन्न दिसतं. अंदाजे हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्यक्ष बँकेत येणारी रक्कम वेगळी असते, कारण मधे खोट्या क्लिक वजा होतात आणि अमेरिकेत बसून बघणाऱ्यांमुळे झालेल्या कमाईवर अमेरिकेचा कर कापला जातो, टॅक्सची माहिती भरलेली असेल तर भारतीयांसाठी साधारण 15 टक्के. न्यू जर्सीतली आपली मराठी माणसं गावाकडच्या रश्श्याचे व्हिडिओ आवडीने बघतात, म्हणजे हा मुद्दा आपल्याला लागू होतोच.

समजा त्या महिन्यात दादाच्या पूर्ण चॅनलचं अंदाजे उत्पन्न 11,500 दिसलं आणि त्यातलं रश्श्याच्या व्हिडिओचं 4,200. बँकेत प्रत्यक्ष आले 10,925. म्हणजे अंदाजाच्या 95 टक्के आले. मग व्हिडिओचे 4,200 चे 95 टक्के, 3,990 धरायचे, आणि ताईचा निम्मा वाटा 1,995. एवढंच गणित आहे, एका शीटमध्ये महिना, चॅनलचा अंदाज, बँकेतली रक्कम, व्हिडिओचा अंदाज आणि वाटा असे पाच कॉलम केले की झालं. यूट्यूबचे पैसे ज्यातून मिळतात त्या गूगलच्या ॲडसेन्स खात्यात 100 डॉलर जमेपर्यंत पैसे निघत नाहीत, त्यामुळे दादाचं चॅनल छोटं असेल तर दोन-तीन महिने पैसे येणारच नाहीत. तेव्हा "दर महिन्याला" असं कबूल करू नका, "बँकेत आल्यावर सात दिवसांत" असं करा.

ताईला दादाचे आकडे कसे दिसणार? स्क्रीनशॉटवर चालवता येतं. नाहीतर स्टुडिओच्या सेटिंगमध्ये Permissions मधून ताईला Viewer म्हणून जोडता येतं. त्यात Viewer (limited) निवडलं तर तिला उत्पन्न दिसणार नाही, आणि नुसतं Viewer निवडलं तर पूर्ण चॅनलचंच उत्पन्न दिसेल, एका व्हिडिओपुरतं दाखवायची सोय नाही. ते चालणार असेल तरच द्या. पासवर्ड मात्र कुणालाच देऊ नका, सख्ख्या मित्राला पण.

आणि व्हिडिओत कुणाचं कॉपीराइट असलेलं गाणं गेलं आणि त्यावर क्लेम आला, तर जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात, मग वाटायला काही उरतच नाही. स्टुडिओत कंटेंटच्या यादीत व्हिडिओसमोर कॉपीराइट असं लिहून येतं, अपलोड करताना पब्लिक करायच्या आधी तपासणी पूर्ण होऊ द्या.

स्टेप 6: व्हॉट्सॲपवर एक मेसेज, बास

वकील, स्टॅम्प पेपर एवढं लागत नाही छोट्या कामाला. पण लिहिलेलं पाहिजे. शूटच्या आधी असा मेसेज टाका आणि समोरच्याकडून "मान्य" असं लिहून घ्या:

"ताई, आपलं ठरल्याप्रमाणे लिहितोय. रील तुझ्या अकाउंटवरून, मी कोलॅबरेटर. मोठा व्हिडिओ माझ्या चॅनलवर. ब्रँडचं बिल मी देणार, 60,000 मधून खर्च वजा करून उरलेले अर्धे अर्धे, टीडीएस माझ्या पॅनवर असल्यामुळे हिशोब पूर्ण रकमेवर. तुझे पैसे ब्रँडकडून आल्यावर सात दिवसांत. यूट्यूबच्या जाहिरातीचे अर्धे, अपलोडपासून 12 महिने, त्यानंतर माझे. एक वर्ष दोघांपैकी कुणीही एकमेकांना न विचारता डिलीट करायचं नाही किंवा नाव काढायचं नाही. फुटेज दोघांकडे, पण दुसऱ्या ब्रँडला वापरायचं असेल तर आधी विचारायचं. डिस्क्रिप्शनमध्ये कॅमेरा आणि शेताच्या मालकांचं नाव द्यायचं. मान्य असेल तर सांग."

यातली 12 महिन्यांची ओळ विसरू नका. यूट्यूबचा व्हिडिओ पाच वर्षं पैसे देत राहू शकतो आणि पाच वर्षं महिन्याला सत्तर-ऐंशी रुपयांचा हिशोब कुणीच ठेवत नाही, मग मनात राहतं की त्याने बुडवले. मुदत असली की दोघांनाही मोकळं वाटतं. क्रेडिटच्या ओळीबद्दल एवढंच, ज्याने कॅमेरा धरला, ज्याने जागा दिली, त्याला विचारून त्याचं नाव जसं हवं तसं लिहा, काहींना नाव नको असतं आणि नंबर तर कधीच टाकू नका.

बिनसलं तर

दादाने भांडणात रीलमधून स्वतःचं नाव काढलं, म्हणजे Stop sharing केलं, तर रील ताईच्या प्रोफाइलवर तशीच राहते, फक्त त्याच्या ग्रिडवरून जाते. कशावरून कळेल? रीलवर फक्त ताईचं नाव उरतं. ब्रँडशी करार दोघांच्या अकाउंटवर दिसेल असा असेल तर ब्रँडला लगेच कळवा, त्यांनी स्वतः शोधून काढायची वाट बघू नका. उलट ताईने रीलच डिलीट केली असेल तर घाबरून नवीन अपलोड करायच्या आधी तिला ॲपमधला नुकत्याच डिलीट केलेल्या पोस्टचा कप्पा बघायला सांगा, साधारण 30 दिवस पोस्ट तिथे असते आणि परत आणता येते. परत आल्यावर दोन्ही नावं दिसतायत का ते पुन्हा दुसऱ्या फोनवरून तपासा, नसतील तर पुन्हा बोलून घ्या.

पैशावरून अडलं असेल तर आधी शीट उघडा आणि व्हॉट्सॲपचा तो मेसेज परत पाठवा, आवाज चढवून फोन करू नका. बऱ्याचदा समोरच्याला हिशोबच आठवत नसतो. आणि 12 महिने पूर्ण झाले की शेवटच्या महिन्याची रक्कम पाठवा, शीटमध्ये तारखेसकट "हिशोब पूर्ण" असं लिहा, ताईला दिलेली Viewer परवानगी स्टुडिओतून काढा आणि काढल्याचं तिला सांगा.